चाळीस फुटी कंटेनरची बाजू १६ फूट कापली तर चालेल का?

मुळशीकर: पिरंगुटच्या पुढे छोटा प्लॉट आहे, जुना चाळीस फुटी हाय क्यूब घेऊन स्टुडिओ करायचाय. लांब बाजू मधोमध १६ फूट कापून काचेचं स्लायडिंग. फॅब्रिकेटर म्हणतो, जहाजावर एकावर एक सात-आठ रचतात, फ्रेम कशाला हवी? खरंय का? आणि उन्हाळ्यात आत बसवेल का?

भोसरी_फॅब: दादा, जहाजावर ते वजन चार कोपऱ्यांच्या खांबांवरून खाली जातं, त्यात बाजूच्या पत्र्याचा काही संबंध नाही. पण तुमचा कंटेनर चार कोपऱ्यांवर टेकवला की मधलं अख्खं वजन पेलतो तो तो नालीदार पत्राच, जेमतेम दोन मिलिमीटरचा असला तरी वरचा रेल, खालचा रेल आणि पत्रा मिळून एक उंच बीम होतो. पत्रा कापला की वर उरतो फक्त साठ मिलिमीटरचा बारीक पाइप. माझ्याकडे असंच एक दुरुस्तीला आलेलं, १२ फूट कापलेलं आणि फ्रेम नाही, वरच्या रेलला या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणली तर मध्ये १८ मिलिमीटर झोल, स्लायडिंग दोन हातांनी ओढलं तरी हलेना. तुम्ही आधी आतून दोन उभे खांब आणि वर आडवं बॉक्स सेक्शन वेल्ड करून घ्या आणि मगच ग्राइंडर लावा, उलटं केलं तर झोल तसाच कायमचा वेल्ड होऊन बसतो. त्या दोन खांबांच्या बरोबर खाली काँक्रीटचे पेडेस्टल पाहिजेतच. सेक्शनची साइज इंजिनियरकडून काढून घ्या, अंदाजाने नको.

कोथरूडची_सिव्हिल: मी तर म्हणते कंटेनरच नको. आतली रुंदी ७ फूट ८ इंच, दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच पफ आणि वर बोर्ड लावला की राहतात सव्वासात. आणि कापाकापी, फ्रेम, पफ हे सगळं करायचंच असेल तर तेवढ्या खर्चात विटांच्या भिंती आणि वर पत्रा होतो, तोही हव्या त्या रुंदीचा.

सह्याद्रीप्रेमी: इतकं घाबरवू नका हो. कंटेनर कॉर्टेन स्टीलचा असतो, तो गंजत नाही, समुद्रात वर्षानुवर्षं टिकतो. आतून ग्लासवूल आणि जिप्सम मारा, झालं काम.

चाकण_साइट: आमच्या साइट ऑफिसला असंच केलेलं म्हणून सांगतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी दोननंतर एसी लावूनही डोकं तापायचं, आणि दुसऱ्या पावसाळ्यात जिप्समवर पिवळे डाग आले, फोडून बघितलं तर ग्लासवूल ओलं आणि मागच्या पत्र्यावर बोटाने खरवडला की गंजाचा भुगा. मला वाटलं छप्पर गळतंय, सिलिकॉनच्या आठ ट्यूब घातल्या. कुठला ब्रँड चांगला सिलिकॉनचा?

भोसरी_फॅब: साहेब, बहुतेक गळती नाही ती. रात्री पत्रा गार पडतो, आतली दमट हवा ग्लासवूलमधून पत्र्यापर्यंत पोचते आणि तिथे घाम सुटतो. ग्लासवूल हवा अडवत नाही. खात्री करायची तर ऊन पडलेलं असताना छपरावर पाइपने अर्धा तास पाणी सोडा, आत काही आलं नाही तर गळती नाही, सिलिकॉन मारून काही होणार नाही. आणि कॉर्टेन गंजत नाही हे अर्धंच खरं, त्याच्यावरचा गंजाचा थर ओलं-सुकं होत राहिला तरच घट्ट बसतो. पाणी साचून राहिलं, म्हणजे छपराच्या पोचा आलेल्या भागात, खालच्या रेलमध्ये किंवा बंद अस्तराच्या मागे, तर कॉर्टेनही साध्या पत्र्यासारखाच गंजतो. म्हणून कापलेल्या कडा आणि वेल्डच्या मागची बाजू, जिथला रंग जळतो, तिथे घासून झिंक प्रायमर मारा, अस्तर लावायच्या आधी. नंतर तिथे हात जात नाही.

मुळशीकर: मग ग्लासवूल नको, पफ स्प्रे करू? काच पश्चिमेला आहे, डोंगर तिकडेच दिसतो.

कोथरूडची_सिव्हिल: पश्चिमेला १६ फूट काच! चारनंतर ऊन सरळ आत येणार, मग भिंतींना कितीही पफ मारा. निदान चार फुटी छज्जा काढा, आणि त्यानेही शेवटच्या दोन तासांचं ऊन अडणार नाही, बाहेरून चिक लागेलच.

भोसरी_फॅब: हे ताईंचं बरोबर. पफ स्प्रे दोन इंच चालेल, पत्र्याला चिकटून बसतो, मागे हवा जात नाही. पण सगळ्यात आधी वर दुसरं पत्र्याचं छप्पर, मध्ये फूटभर फट, दोन्ही टोकं उघडी. त्याचे पाय कोपऱ्यांच्या कास्टिंगला धरा, छपराला भोक पाडू नका. वारा खालून उचलतो, तेव्हा बोल्ट नीट.

कोथरूडची_सिव्हिल: आतून पफ मारलात की कुठे गंज लागला ते कधी कळणारच नाही. बाहेरून इन्सुलेशन करा, पत्रा आतून उघडा राहील, रुंदीही वाचेल.

भोसरी_फॅब: बाहेरून केलं की क्लॅडिंग आलं, खर्च वाढतो. आणि त्या क्लॅडिंगच्या मागे पावसाचं पाणी शिरलं तर? मी आतूनच करतो.

कोथरूडची_सिव्हिल: मी नाही करणार. मुळशीचा पाऊस बघितलाय ना तुम्ही?

मुळशीकर: रविवारी फॅब्रिकेटरला दोरी घेऊन बोलावलंय. कटिंग थांबवलं.