एएलटी वाढले म्हणजे अडथळा नाही?

«एएलटी हे यकृताच्या पेशींतले एन्झाइम रक्तात सहाशेच्या वर गेले आहे, म्हणजे दुखणे यकृताच्या पेशींचेच, पित्तनळीत अडथळा नसणार.»

बहुतेक वेळा हे खरे ठरते, पण पहिल्या दिवशीच्या रिपोर्टवर नाही. नाशिकला आमच्या लॅबमध्ये पोटात कळ येऊन चार तास झालेल्या एका बाईंचे एएलटी ६२० (कमाल मर्यादा ४०) आणि पित्त अडल्यावर वाढणारे एन्झाइम अल्कलाइन फॉस्फेटेज १५० (मर्यादा १२०) आले होते. दोन्हींची आपापल्या मर्यादेशी पट काढली तर साडेपंधरा आणि सव्वा, म्हणजे गुणोत्तर सुमारे १२. पाचाच्या वर असल्याने पेशींची इजा. तिसऱ्या दिवशी एएलटी १८० वर उतरले, फॉस्फेटेज ३६० वर चढले आणि गुणोत्तर दीड झाले. दोनाच्या आत म्हणजे पित्ताचा अवरोध. सोनोग्राफीत मुख्य पित्तनळी फुगलेली होती आणि तिच्या टोकाशी खडा होता.

नळी अचानक तुंबली की पेशींत तयार असलेले एएलटी लगेच रक्तात उतरते. फॉस्फेटेज मात्र यकृताला नव्याने बनवावे लागते आणि त्यात एकदोन दिवस जातात. म्हणून कळ असेल तर अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा तपासावे. विषाणूजन्य काविळीत एएलटी सहसा इतक्या झपाट्याने उतरत नाही. (फॉस्फेटेज हाडांतूनही येते, त्यामुळे सोबत हाडांतून न येणारे जीजीटी हे यकृताचे एन्झाइम पाहिलेले बरे.)