अहवालात ‘परिणाम नगण्य’ लिहिलं की मानायचं का? मेट्रो, स्मारक आणि मूल्यांकन

शाहूपुरीकर (सातारा)
संरक्षित स्मारकाजवळून मेट्रो न्यायची असली की वारसा परिणाम मूल्यांकन करतात आणि शेवटी बहुतेक वेळा ‘परिणाम नगण्य’ असंच छापून येतं. हा निष्कर्ष नेमका काढतात कसा? आणि अहवालाचे पैसे मेट्रोच देणार असेल तर त्यावर विश्वास का ठेवायचा? माझं मत स्पष्ट आहे. कायद्याने अंतर घालून दिलंय, ते पाळा. बाकीचे कागद म्हणजे वेळ घालवणं. पटत नसेल त्यांनी खोडून काढावं.

बोगदा परिसर
साताऱ्यात मेट्रो कोणी मागितली? आधी पाणी नीट द्या. अजिंक्यताऱ्याच्या पोटातून एक बोगदा आहे तेवढा बास.

शाहूपुरीकर
साताऱ्यातल्या मेट्रोचं नाही हो म्हणत मी. पुण्याची गोष्ट आहे, जिल्हा न्यायालय ते स्वारगेट भुयारी मार्ग, आगाखान पॅलेस वगैरे. आपण तिथे रोज जाणारी माणसं, म्हणून इथे विचारलं.

यवतेश्वर
अंतर पाळा म्हणता, पण अंतराचा तो आकडाच मला पटत नाही. मी बांधकामातला माणूस आहे. १०० मीटरची रेघ कायद्याने आखली, जमिनीला ती माहीत नाही.

हिशोब सांगतो. साडेसहा मीटर व्यासाचा बोगदा, मध्य २० मीटर खोल. यंत्राने खोदताना बोगद्याच्या आकारापेक्षा थोडी जास्त माती निघतेच. ती १ टक्का धरली तर बोगद्याच्या दर मीटरमागे साधारण एक तृतीयांश घनमीटर पोकळी होते आणि तीच वर पसरट खळगा होऊन उमटते. मऊ चिकणमातीत बरोबर डोक्यावर जमीन सुमारे १३ मिलिमीटर खचते. बाजूला १० मीटरवर ८, २० मीटरवर २ पेक्षा कमी, आणि ३० मीटरवर तर मोजायलाही काही उरत नाही. आपल्या काळ्या पाषाणात याहूनही कमी.

राहिली हादऱ्यांची गोष्ट. नाजूक जुन्या इमारतींसाठी जर्मन मानक आहे. पायाशी कंपनाचा वेग सेकंदाला ३ मिलिमीटर, तोही १० हर्ट्झच्या खालच्या कंपनांसाठी. वरच्या वारंवारतेला मर्यादा आणखी सैल. मोजा, त्याखाली ठेवा, प्रश्न मिटला. ‘दृश्य’, ‘वातावरण’ ही मतं झाली. मतांवर हजारो कोटींचा मार्ग वळवायचा नसतो.

माहुली घाट
यवतेश्वरदादा, खळग्याचा हिशोब बरोबर आहे, त्यात वाद नाही. पण तुम्ही खचणं मोजलंत, भिंत कशाने तडकते ते नाही मोजलं. वाडा सगळाच्या सगळा एकसारखा ८ मिलिमीटर खाली गेला तर त्याला काही होत नाही. एक टोक ८ आणि दुसरं २ गेलं की भिंत वाकते. तुमच्याच उदाहरणात सर्वांत तीव्र उतार मध्यापासून १० मीटरवर येतो, मीटरमागे सुमारे ०.८ मिलिमीटर. नव्या काँक्रीटच्या इमारतीला हा काहीच नाही. चुन्यात बांधलेली, आधीच दोन-चार जागी फाटलेली, पोटात भराव असलेली भिंत मात्र जुन्या भेगेतच उघडते. म्हणून आम्ही आधी भेगांचा नकाशा करतो आणि मगच आकड्यांकडे बघतो.

दुसरं म्हणजे तुम्ही फक्त बोगदा धरलात. खरा मोठा खड्डा स्थानकाचा असतो. तो कोरडा ठेवायला महिनोन् महिने पाणी उपसावं लागतं आणि भूजल खाली जातं. त्याचा परिणाम ३० मीटरवर थांबत नाही. आपल्याकडे कोणाच्याही रानात नवी विहीर खोल गेली की शेजारच्याची आटते, ती ३० मीटरवर असते का? आणि पाषाणात खचणं कमी हे खरं, पण पाषाणात स्थानक खोदायचं तर फोडावं लागतं, सुरुंग लावावे लागतात. मातीत जे हादरे लवकर विरतात ते सलग खडकात लांब जातात. म्हणजे तुमचा एक धोका कमी झाला तिथेच दुसरा वाढला.

कृष्णाकाठ (सांगली)
मध्येच बोलतो, माफ करा. आमचं घर एका संरक्षित देवळापासून हाकेच्या अंतरावर. २०१९ च्या पुरात मागची भिंत गेली. ती परत उभी करायला परवानगी मागितली तर इतके हेलपाटे घातले की शेवटी पत्रे ठोकून बसलोय. आणि मेट्रोला एका अहवालावर वाट मोकळी? आमच्या भिंतीने कोणता वारसा बुडणार होता?

माहुली घाट
तुमचा राग समजू शकते. पण ही दोन वेगळी कलमं आहेत. १९५८ चा कायदा २०१० मध्ये बदलला, तेव्हापासून संरक्षित हद्दीपासून १०० मीटर निषिद्ध आणि त्यापुढचे २०० मीटर विनियमित. अंतर देवळाच्या भिंतीपासून नाही, संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या हद्दीपासून मोजतात. निषिद्ध पट्ट्यातही १६ जून १९९२ च्या आधीपासून असलेल्या घराची दुरुस्ती परवानगी घेऊन करता येते. अर्ज ‘नवीन बांधकाम’ म्हणून गेला असेल तर तो अडणारच. तुमच्या अर्जावर नेमका कोणता शब्द पडलाय ते आधी बघा आणि घर जुनं असल्याचा घरपट्टीचा उतारा जोडा.

मेट्रोलाही निषिद्ध पट्ट्यात वाट मोकळी नाही. सार्वजनिक कामांना तिथे सूट देणारं दुरुस्ती विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं, पण त्याचा कायदा झाला नाही. मूल्यांकनाला खरा अर्थ पुढच्या २०० मीटरमध्ये आहे. तिथे मोठ्या प्रकल्पाचा परिणाम राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाने तपासायचा असतो. शाहूपुरीकर, ‘अंतर पाळा’ एवढ्यावर सोडलंत तर १०१ मीटरवर काहीही चालेल असा अर्थ होतो.

शाहूपुरीकर
तो अर्थ मला अभिप्रेत नव्हता, पण निघतो खरा. मग ‘नगण्य’ कसं ठरतं तेवढं सांगा.

माहुली घाट
आगाखान पॅलेसवर करून बघू. त्याचा प्रत्यक्ष अहवाल मी सांगत नाहीये, पद्धत कशी चालते ते दाखवते. मूळ मार्ग नगर रस्त्यावरून, पॅलेससमोरून, खांबांवरून जाणारा होता.

पहिली पायरी: या जागेचं मोल कशात आहे त्याची यादी. इथेच अर्धा निकाल लागतो. ‘१८९२ ची, कमानींची भव्य इमारत’ एवढंच लिहिलं तर यादीत दगड-विटा उरतात. खांबांवरची मेट्रो रस्त्यावर, इमारत आवारात आत. खचणं शून्य, हादरे मर्यादेत. परिणाम नगण्य, सही करा.

आता यादी पूर्ण करा. गांधीजी, कस्तुरबा, महादेवभाई देसाई १९४२ मध्ये इथे स्थानबद्ध होते. महादेवभाई त्याच वर्षी १५ ऑगस्टला गेले, कस्तुरबा १९४४ च्या फेब्रुवारीत. दोघांच्याही समाध्या आवारात आहेत. मग मोल कमानींत जेवढं, तेवढंच समाधीपाशी बसल्यावर मिळणाऱ्या शांततेत, आणि फाटकातून आत बघताना हिरवळीपलीकडे मोकळी दिसणाऱ्या इमारतीत. यातल्या प्रत्येक गोष्टीवर काय परिणाम होतो ते दुसऱ्या पायरीत वेगवेगळं तपासायचं. दगडाला काही नाही. पण ठरावीक मिनिटांनी जाणाऱ्या गाडीचा आवाज समाधीपर्यंत किती पोचतो हे मोजता येतं. माणसाच्या उंचीवरून फोटो काढून त्यावर प्रमाणात खांब बसवून किती दर्शनी भाग झाकला जातो तेही मोजता येतं. यवतेश्वरदादा, हे मत नाही. आक्षेप घ्यायचा असेल तर फोटो कोणत्या जागेवरून काढला त्यावर घ्या. लबाडी तिथेच होते. झाडाआडून काढलेल्या फोटोत खांब दिसतच नाहीत.

मग कोष्टक. इकोमॉस या स्मारकांच्या जतनाचं काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेत एका बाजूला मोलाची प्रत, दुसऱ्या बाजूला बदलाची तीव्रता, आणि दोन्ही जुळतात त्या चौकटीत उत्तर. राष्ट्रीय स्मारकाला ‘उच्च’ प्रत दिली आणि बदल ‘नगण्य’ म्हटला तर उत्तर ‘किरकोळ’ येतं. बदल ‘मध्यम’ ठरवला की तेच ‘मध्यम ते मोठं’ होतं. म्हणजे सगळा खेळ बदलाला कोणता शब्द लावला यावर. अहवाल हातात आला की मी कोष्टक शेवटी वाचते. आधी यादी वाचते आणि फोटोंच्या जागा नकाशावर बघते.

यवतेश्वर
फोटोंचं मान्य. पण शेवटी झालं काय? मार्ग कल्याणीनगरमधून वळवला, कारण जुनी आखणी निषिद्ध क्षेत्रात येत होती. म्हणजे निर्णय अंतराने घेतला, तुमच्या यादीने नाही. आणि वळवल्यावर आवाज आणि खांब कोणाच्या तरी खिडकीसमोर आलेच ना? त्या लोकांचं मोल कोणत्या कोष्टकात? स्मारकाला वकील असतो, राहणाऱ्या माणसाला नसतो.

माहुली घाट
हा मुद्दा खरा आहे आणि माझ्याकडे त्याचं पूर्ण उत्तर नाही. वारसा मूल्यांकन वारशापुरतंच बोलतं. पर्याय तुलनेला ठेवताना तिथल्या रहिवाशांवरचा परिणाम सामाजिक अभ्यासातून त्याच तक्त्यात यायला हवा. तसा क्वचितच येतो.

पण म्हणूनच वेळ महत्त्वाची. पर्याय तीन असतानाच अभ्यास झाला तर तुलना होते. लाहोरला काय झालं बघा. ऑरेंज लाईन शालीमार बागेला आणि चौबुर्जीला लागून, खांबांवरून. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने ११ वारसास्थळांपासून २०० फुटांच्या आत काम थांबवलं, तोवर बाकी मार्गावर खांब उभे राहत होते. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटी घालून परवानगी दिली. मार्ग ठरल्यावर, पैसा खर्च झाल्यावर मूल्यांकन फक्त अटी सुचवू शकतं: हादरे मोजा, वेग कमी ठेवा, झाडं लावा. ‘न्यायची का’ हा प्रश्न तोवर संपलेला असतो.

कृष्णाकाठ
उतारा शोधतो. अर्जावर ‘पुनर्बांधणी’ लिहिलंय, दुरुस्ती नाही. त्याने काही फरक पडेल?

माहुली घाट
पडू शकतो. सगळं घर पाडून बांधणं वेगळं आणि एक भिंत उभी करणं वेगळं. पडलेल्या भिंतीचे फोटो आणि मापं देऊन नव्याने लिहा.

यवतेश्वर
एक शेवटचं. भेगांचा नकाशा म्हणालात, तो किती आधी? आमच्याकडे कंत्राटदार खोदकामाच्या महिनाभर आधी फोटो काढतो.

माहुली घाट
महिनाभर पुरत नाही. चुन्याची भिंत पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात आपली आपणच हलते. भेग एप्रिलमध्ये एक असते, ऑगस्टमध्ये दुसरी. एक वर्षाचं माप हातात नसलं तर काम चालू असताना भेग वाढली की दोघंही आपल्या सोयीचं बोलतात. मुंबईत २०१७ मध्ये फोर्टातल्या जे. एन. पेटिट वाचनालयाच्या माथ्यावरचा दगडी भाग कोसळला आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. मेट्रोच्या हादऱ्याने पडला की आधीच सैल होता, यावरच भांडण. भेगमापी पट्ट्या स्वस्त असतात, त्या आखणीच्या वर्षीच लावाव्यात.

यवतेश्वर
आखणीच्या वर्षी कंत्राटदारच नेमलेला नसतो. पट्ट्या लावणार कोण आणि वर्षभर वाचणार कोण?

शाहूपुरीकर
स्मारक ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी. मेट्रोच्या पैशाने, पण नोंदवही त्यांच्याकडे.

यवतेश्वर
त्यांच्याकडे एवढी माणसं आहेत का, ते आधी विचारा.