मदत हवी आहे: लॅब सेमिनारमध्ये अर्धवट प्रश्न कसा मांडायचा?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात पीएच.डी.च्या पहिल्या वर्षाला आहे. येत्या शुक्रवारी लॅबच्या साप्ताहिक सेमिनारमध्ये स्वतःची ओळख आणि संशोधनाचा प्रश्न सांगायचाय. ओळखीचं काय, दोन वाक्यांत उरकेल. अडलंय प्रश्नापाशी.

विषय रंकाळ्याच्या गाळातला फॉस्फरस. उद्या सांडपाणी पूर्ण थांबलं तरी शेवाळ वाढत राहू शकतं, कारण गाळात वर्षानुवर्षं साठलेला फॉस्फरस परत पाण्यात येतो. त्यातला बराचसा लोहाला चिकटलेला असतो. तळाचा ऑक्सिजन संपला की लोहाचं रूप बदलून ते विरघळतं आणि फॉस्फरस सुटतो. इथवर पुस्तकात आहे.

पण तलाव उथळ असला की दुसरी वाटही असते. दुपारी शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, पीएच ९ च्या वर जातो आणि ऑक्सिजन भरपूर असूनही फॉस्फरस लोहापासून सुटतो. मग रंकाळ्यात जोर कशाचा, रात्रीच्या ऑक्सिजनटंचाईचा की दुपारच्या पीएचचा?

गाळाचे उभे नमुने नळ्यांत घेऊन काहींत हवा, काहींत नायट्रोजन सोडायचा आणि हवेच्याच काही नळ्यांत पीएच वाढवायचा, असा विचार आहे. गाळ मात्र ओलाच तपासावा लागेल. ओव्हनमध्ये वाळवला तर लोह ऑक्सिजन घेतं आणि मूळ रूपच हरवतं.

दोन्ही शक्यता मांडू की एकच धरून बोलू? सर विचारणारच, "नक्की काय मोजणार?" अशा सेमिनारला बसलेल्यांनी कृपया सांगा.