प्रतिसाद: गाव की शहर, हे मोजणीआधीच ठरते

«पाच हजार लोकसंख्या झाली की जनगणनेत गाव शहर होते ना? मग डेन्मार्कमध्ये दोनशेच कसे पुरतात?»

पाच हजार ही आपल्याकडची केवळ एक अट आहे. डेन्मार्कमध्ये घरांची सलगता पाहिली जाते. आपल्याकडे मात्र शेतीवर जगणारी मोठमोठी गावे असल्यामुळे निव्वळ संख्येवर विसंबता येत नाही; म्हणून दर चौरस किलोमीटरला किमान 400 माणसांची घनता आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेरच्या व्यवसायात, या अटीही लागतात. नगरपालिका असेल, तर यातले काहीच तपासले जात नाही.

चर्चेत न आलेला मुद्दा असा की शहर मानायच्या गावांची यादी मोजणीपूर्वीच, आधीच्या जनगणनेच्या आकड्यांवरून तयार होते. 2011 पर्यंत पाच हजारांवर जातील असे धरून 2001 मध्ये किमान 4000 वस्ती असलेली गावे तपासली गेली. समजा, वडोदऱ्याच्या वेशीवरील एखाद्या गावात 2001 मध्ये 1000 पैकी 700 पुरुष शेतीबाहेर होते आणि पुढे कारखान्यांमुळे ते 850 झाले. तरीही 2011 च्या तक्त्यात ते गाव ग्रामीणच राहते. आमच्या भागातील वाढ पाहताना मला हा दहा वर्षांचा उशीर फार गंभीर वाटतो. स्त्रियांचे काम तर या कसोटीत धरलेलेच नाही.