मदत हवी आहे: ट्यूबमधे गर्भ, इंजेक्शन घ्यावं की दुर्बिणीचं ऑपरेशन?

सह्याद्रीवासी:
बायकोला सहा आठवडे होत आलेत, टेस्ट पॉझिटिव्ह, सगळे खूश होतो. मग तपकिरी डाग दिसायला लागले आणि डाव्या बाजूला ओटीपोटात बारीक दुखणं. बीटा एचसीजी आला ११८०, अठ्ठेचाळीस तासांनी त्याच लॅबमधे १४३०. आतून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाशय रिकामं, डाव्या अंडाशयाशेजारी २.२ सेंमीची गाठ, ठोके नाहीत, पोटात रक्त नाही. मॅडम म्हणाल्या मेथोट्रेक्सेट इंजेक्शन देता येईल नाहीतर लॅप्रोस्कोपी, उद्यापर्यंत सांगा. आई म्हणते आठवडाभर थांबा, गर्भ खाली सरकेल. माझी भीती वेगळीच आहे, इंजेक्शन दिलं आणि गर्भ गर्भाशयातच असला तर? काय करू?

निशिगंधा_७:
दोन दिवसात आकडा दुप्पट झाला नाही ना, मग ट्यूबमधेच आहे. शंभर टक्के. माझ्या जावेचं असंच होतं.

स्त्रीरोग_कट्टा:
मी हेच काम करते म्हणून लिहिते. दुप्पट व्हायलाच हवा असं नाही. सुरुवातीचा आकडा दीड हजाराच्या आत असेल तर वाढणारा गर्भ दोन दिवसात साधारण ४९ टक्के तरी वाढतो, तुमचा २१ टक्के वाढलाय. म्हणजे हा गर्भ पुढे जाणारा नाही हे जवळपास नक्की. पण तो कुठे आहे ते आकडा सांगत नाही, गर्भाशयातला गर्भ पडायच्या बेतात असला तरी आकडा असाच रेंगाळतो. आणि १४३० ला गर्भाशय रिकामं दिसलं एवढ्यावर मी इंजेक्शन देणार नाही, साडेतीन हजारांच्या वर गेल्यावरही काही दिसलं नाही तर मग ते बोलकं. तुमच्याकडे तिसरी गोष्ट आहे, ती गाठ. ती अंडाशयापासून वेगळी हलते का आणि तिला गोल कडं दिसतं का, हे मॅडमना विचारा. दोन्हीला हो म्हणाल्या तर शंकेला फारशी जागा उरत नाही. आईंना सांगा, ट्यूबमधे रुजलेला गर्भ खाली सरकत नाही, थांबलात तर ट्यूब फुटायचा धोका तेवढा वाढतो.

सह्याद्रीवासी:
मॅडम म्हणाल्या गाठ वेगळी आहे, कडंही आहे. मग इंजेक्शनने भागेल?

स्त्रीरोग_कट्टा:
आकडा पाच हजारांच्या खाली, गाठ चार सेंमीच्या आत, ठोके नाहीत, पेशंट स्थिर, म्हणजे इंजेक्शनसाठी केस चांगली आहे. आधी सीबीसी, लिव्हर आणि क्रिएटिनिन बघतात, ब्लडग्रुप निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं विचारा. एक गोष्ट हमखास राहून जाते. फोलिक ॲसिडची गोळी चालू असेल ना? ती बंद, नाहीतर औषधाचा जोर कमी होतो. दुखलं म्हणून ब्रुफेन घेऊ नका. पुढचे तीन महिने दिवस राहू द्यायचे नाहीत. पण मला खरं काळजीचं वाटतं ते अंतर. हॉस्पिटल किती लांब?

सह्याद्रीवासी:
घाटातून दोन तास, पावसात जास्तच.

मृण्मयी_ठाणे:
दादा, माझा आकडा जेमतेम आठशे होता, सगळे म्हणत होते छोटंच आहे, आणि रात्री खांदा दुखायला लागला. मला वाटलं अवघडलाय, बाथरूमपर्यंत गेले आणि चक्कर येऊन पडले, ट्यूब फुटली होती. ती काढावी लागली, पण दुसऱ्या ट्यूबवर पुढे मुलगी झाली. वहिनींना एकटं सोडू नका.

स्त्रीरोग_कट्टा:
अगदी बरोबर, कमी आकड्यालाही फुटते. खांदा दुखणं, चक्कर, घाम, पोटात कळ, यातलं काहीही झालं तर फोन करत बसायचं नाही, निघायचं. दोन तासाच्या घाटात राहून इंजेक्शन मी देणार नाही, आठवडाभर हॉस्पिटलजवळ नातेवाईकांकडे राहणार असाल तरच.

सह्याद्रीवासी:
मावशीकडे उतरलोय, इंजेक्शन झालं, त्या दिवशी आकडा १५१० होता. आज चौथा दिवस, १६९० आलाय! वाढला! फेल गेलं का?

निशिगंधा_७:
वाढला म्हणजे फेल, लगेच ऑपरेशन करा.

स्त्रीरोग_कट्टा:
नाही हो, चौथ्या दिवशी बऱ्याच जणींचा वाढतो. तुलना चौथ्या आणि सातव्या दिवसाची करायची, निदान १५ टक्के उतरायला हवा, म्हणजे तुमच्या बाबतीत १४३५ च्या आसपास किंवा खाली. उतरला तर मग शून्याजवळ जाईपर्यंत दर आठवड्याला एकदा तपासणी, त्याला कधीकधी महिना-दीड महिना लागतो. नाही उतरला तर दुसरा डोस किंवा लॅप्रोस्कोपी. मधे पोट थोडं दुखू शकतं, पण ते औषधाचं की फुटण्याचं हे घरी ओळखता येत नाही, दाखवून यायचं.

सह्याद्रीवासी:
आणि ऑपरेशनच करावं लागलं तर ट्यूब वाचवायला सांगू का?

स्त्रीरोग_कट्टा:
दुसरी ट्यूब चांगली असेल तर काढण्याकडे माझा कल. चीर देऊन ठेवली तरी पुढे दिवस राहण्यात विशेष फरक पडत नाही, शिवाय थोडा भाग आत उरला तर पुन्हा आकड्यांच्या मागे लागावं लागतं. पण उजवी ट्यूब कशी आहे हे दुर्बिणीतूनच नीट कळेल, म्हणून आत्ताच मॅडमशी बोलून ठेवा.

मृण्मयी_ठाणे:
सातव्या दिवसाचा आकडा आला की इथे टाका दादा, वाट बघतेय.