चार पानी माहितीपत्रक छापायला बारा मिनिटं. प्रिंटर बदलू का?

पडवी_गुहागर: आमची गुहागरला पाहुण्यांची घरगुती सोय आहे. खोल्या, जेवण, किनाऱ्याची वाट, दर असं चार पानांचं माहितीपत्रक भाच्याने वर्डमध्ये करून पीडीएफ दिलं. प्रिंटर टाकीवाला इंकजेट, वायफायवर. साधं बिल झटकन येतं, पण हे पत्रक काढायला बारा मिनिटं लागतात! दिवाळीच्या सुट्टीत साठ प्रती हव्यात. लेझर घ्यायला सांगतायत सगळे. घेऊ का?

सुकी_भेळ: ताई, Draft वर टाका. प्रिंटच्या खिडकीत Quality मध्ये असतं. आमच्या दुकानात सगळं ड्राफ्टवरच काढतो, अर्ध्या वेळात होतं आणि शाईही वाचते. लेझरची गरज नाही.

कुडाळकर_बाबल्या: आमच्याकडे पावसात कागद ओलो जाता नि दोन-दोन पाना एकदम ओढता. मग अडाकता. तुमचा पण तसाच आसतला. कागद पिशयेत बांधून ठेवा.

पडवी_गुहागर: बाबल्यादादा, कागद अडकत नाही हो, नुसता वेळ लागतो. 😄 भेळवाले दादा, ड्राफ्टवर एक प्रत काढली. अकरा मिनिटं. एक मिनिट वाचलं आणि सोलकढी पांढरी दिसायला लागली.

जुना_डीटीपीवाला: रत्नागिरीत बरीच वर्षं लग्नपत्रिका आणि आंब्याच्या पेट्यांची लेबलं केली, म्हणून विचारतो. प्रिंटर आत्ता बदलू नका. आधी मोबाइलचं घड्याळ लावून दोन वेळा टिपा: बटण दाबल्यापासून पहिला कागद आत ओढला जाईपर्यंत किती, आणि नंतर एक पान बाहेर पडायला किती. मध्येच डोकं थांबून बसतं का तेही पाहा. शिवाय फाइल किती एमबीची, आणि Paper Type ला काय निवडलंय?

ड्राफ्टने फक्त दुसरा वेळ कमी होतो. डोकं कमी फेऱ्या मारतं, शाई कमी सोडतं. कागद हलायच्या आधीच गाडी अडली असेल तर ड्राफ्टचा तिथे काही उपयोग नाही.

पडवी_गुहागर: टिपलं. पहिला कागद ओढायला साडेचार मिनिटं. तोवर प्रिंटर गप्प, लॅपटॉपचा पंखा मात्र घोंघावतोय, आणि रांगेत Spooling दिसतं. मग पानाला सव्वा-दीड मिनिट. तिसऱ्या पानाआधी पुन्हा दोन मिनिटं थांबतो, तिथे नकाशा आहे. फाइल 61 एमबी, लॅपटॉपची रॅम 4 जीबी. Paper Type ला ग्लॉसी फोटो पेपर आहे. मागे देवाचे फोटो छापले होते, तेव्हाचं राहिलं असेल. आमच्या जांभ्याच्या भिंतींतून वायफाय नीट जात नाही, म्हणून केबल लावूनही पाहिलं. दहा-पंधरा सेकंदांचा फरक.

जुना_डीटीपीवाला: मग सापडलं. तुमचे दोन वेगळे आजार एकत्र झालेत.

सोपा आधी. साध्या कागदावर छापताना ग्लॉसी निवडलं की प्रिंटर बारीक ठिपके टाकत, सावकाश, जास्त फेऱ्या मारतो. तिथे Plain Paper करा आणि Quality ला Standard ठेवा. पाहुण्यांच्या हातात द्यायचं आहे, ड्राफ्ट नको. तुमच्या हिशोबाच्या कागदांना ड्राफ्ट.

आता साडेचार मिनिटं. पत्रकात फोटो किती, आणि मोबाइलवरून जसेच्या तसे टाकलेत का?

पडवी_गुहागर: चौदा. भाचा म्हणतो, मोबाइलचेच, कोपरा धरून लहान केले. फोटो खराब होऊ नयेत म्हणून वर्डमध्ये Do not compress images in file वर खूण केली होती त्याने.

जुना_डीटीपीवाला: भाच्याचा हेतू चांगला, पण कोपरा ओढल्याने फोटो दिसायला लहान होतो, आतले ठिपके तेवढेच राहतात. कातरलेला भागही आत लपून असतो.

एकच फोटो घेऊ. मोबाइलचा 4000 × 3000, म्हणजे 1 कोटी 20 लाख ठिपके. पानावर तो 6 सेंटीमीटर रुंद, म्हणजे साधारण 2.36 इंच. 4000 ला 2.36 ने भागलं की इंचाला जवळपास 1700 ठिपके. साध्या कागदावर इंचाला 220 पुरतात, शाई पसरते म्हणून त्यापुढे डोळ्याला फरक कळत नाही. 220 ने हिशोब केला तर रुंदीला 520 ठिपके पुरे. म्हणजे एकेका फोटोत गरजेच्या जवळजवळ साठपट माल भरलाय.

फाइल 61 एमबी दिसते कारण जेपीईजी दाबलेला असतो. छापताना तो उलगडावा लागतो. चौदा फोटो उलगडले की 500 एमबीच्या आसपास. अशा घरगुती प्रिंटरला स्वतःचं डोकं फारसं नसतं, पान रंगवायचं काम लॅपटॉपच करतो. 4 जीबी रॅमवर तो तिथेच घामाघूम होतो. वायरीतून किंवा वायफायवरून शेवटी जाते ती तयार पानाच्या ठिपक्यांची चादर, मूळ फोटो नव्हेत. म्हणून केबल लावून फार फरक पडला नाही.

वर्डची मूळ फाइल उघडा, ती खूण काढा. एका फोटोवर क्लिक करून Picture Format मध्ये Compress Pictures. Apply only to this picture ची खूण काढायची, Delete cropped areas of pictures ची ठेवायची, खाली 220 ppi. वेगळ्या नावाने सेव्ह करा, मूळ जपून ठेवा. टाकून दिलेले ठिपके परत येत नाहीत.

टर्मिनल_मालवण: लिनक्स असेल तर अंदाज करत बसायला नको, पीडीएफच सांगते:

```
pdfimages -list patrak.pdf
```

x-ppi च्या रकान्यात 1700 सारखे आकडे दिसले की चोर सापडला.

सुकी_भेळ: बरं, ड्राफ्टने वेळ वाचतो हे माझं खोटं नव्हतं, आमचे कागद नुसते मजकुराचे असतात. पण एवढी खटपट कशाला? पीडीएफ छोटी करून देणाऱ्या साइट असतात, त्यावर टाका.

जुना_डीटीपीवाला: चालेल, पण तिथे किती दाबलं जाईल ते आपल्या हातात नाही. एका गिऱ्हाइकाने तसंच करून आणलं होतं. पत्रिकेतला गणपती धुक्यात बसल्यासारखा. मूळ वर्ड हाताशी असताना कशाला?

पडवी_गुहागर: केलं! 61 ची 3 एमबी झाली. पहिला कागद आता पंचवीस सेकंदांत ओढतो, पानाला चाळीस सेकंद. फोटो जुन्या प्रतीशेजारी ठेवले, सासूबाईंनाही फरक सांगता आला नाही. पण नकाशावाल्या तिसऱ्या पानाआधी अजून दोन मिनिटं थांबतोच.

टर्मिनल_मालवण: नकाशा फोटो नसून रेषांचा असणार. हजारो रेषा, वर अर्धपारदर्शक निळा समुद्र. त्याला 220 चा नियम लागत नाही. Acrobat Reader मधून छापा, Print च्या खिडकीत Advanced, तिथे Print As Image. सगळं पान एकच चित्र करून पाठवतो.

जुना_डीटीपीवाला: तेवढ्या एका पानापुरतं करा, सगळ्या पत्रकाला नको. साध्या पानांना त्याने उलट वेळ वाढू शकतो, आणि इंचाला 300 ठिपक्यांवर बारीक अक्षरांच्या कडा दातेरी होतात. फोन नंबर वाचता येतोय ना, पाहा. मला विचाराल तर नकाशाच एकदा चित्र म्हणून काढून मूळ फाइलमध्ये टाका.

टर्मिनल_मालवण: काका, चित्र केलं की रस्त्यांची नावं पुसट होतात. मी रेषाच ठेवीन आणि पारदर्शक समुद्र काढून सपाट निळा रंग भरीन.

पडवी_गुहागर: Print As Image ने ते पान पन्नास सेकंदांत आलं, नंबर वाचता येतो. समुद्राचं भाच्यालाच विचारते, तो चिपळूणहून शनिवारी येतोय. मोबाइलवरून हीच 3 एमबीची फाइल पाठवली तर मात्र लॅपटॉपपेक्षा दुप्पट वेळ लागला, ते का हो?

कुडाळकर_बाबल्या: माझो पण मोबाइलवरसून असोच करता. कोणाक ठावक आसल्यास सांगा.