उत्तर: वारस फेरफार आणि बहिणीचा हिस्सा

> वारस फेरफार मंजूर झालाय, सातबाऱ्यावर आम्हा दोघा भावांचीच नावं आहेत. बहिणीने तलाठ्याकडे 'हिस्सा नको' असा जबाब दिलाय. आता जमीन आमचीच ना?

नाही. मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो ती महसूल कोणाकडून घ्यायचा यासाठी. मालकी ठरवायचा अधिकार त्याला नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम 157 प्रमाणे नोंद खरी धरतात, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच.

समजा वडिलांची स्वकष्टार्जित सहा एकर आहे, मृत्युपत्र नाही, मागे आई, दोन मुलगे, एक मुलगी. हिंदू वारसा कायद्याने चौघांना दीड-दीड एकर, आणि हे वडील गेले त्या क्षणीच झालं, फेरफाराची वाट न पाहता. बहिणीचा हिस्सा सुटायला दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं हक्कसोडपत्र लागतं. साध्या कागदावरच्या जबाबाने तो सुटत नाही. (तलाठी असे जबाब सर्रास घेतात, तो भाग वेगळा.) दोघा भावांनी सगळी सहा एकर विकली तरी घेणाऱ्याला मिळतो भावांचा अविभक्त तीन एकरांचा हिस्साच. बहीण किंवा आई दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा लावू शकते, मग फेरफारावरचं अपील केलेलं असो वा नसो. म्हणून विकत घेणाऱ्याचा वकील सातबाऱ्यावर न थांबता जुने फेरफार काढून वारसांची नावं मोजतो.